मामांच्या श्रद्धांजलीत हसू आणताना

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. कराड-पाटण मार्गावर आणि आसपासच्या मुक्कामी गाड्यांवर त्यांनी ३१ वर्षं काढली. ७४ व्या वर्षी ते गेले आणि तेराव्याला घरच्यांच्या वतीनं बोलायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी शिक्षिका, मला चारचौघांत बोलायची सवय. मामा जिथं बसायचे तिथं हशा असायचा. त्यांना ‘मनमिळाऊ आणि परोपकारी’ म्हणून मी मोकळी झाले असते, तर समोरच्या ऐंशी माणसांपैकी एकालाही ते आपले मामा वाटले नसते. पण समोर पहिल्या ओळीत मामी बसणार होती, आणि तेरा दिवस तिच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

तेव्हापासून दोन काकांच्या आणि एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या वेळी मी लोकांना भाषण लिहायला मदत केली. दरवेळी प्रश्न तोच असतो: हसवणारी आठवण सांगायची आहे, पण कुणी दुखावलं तर? याचं उत्तर बोलणाऱ्याच्या धाडसावर अवलंबून नसतं. कुठला दिवस आहे, कुठली आठवण निवडली आहे, ती कुणाला आधी ऐकवली आहे आणि तिचा शेवट कुठं होतो, यावर ते ठरतं. म्हणून त्याच क्रमानं सांगते.

आधी दिवस बघा

आपल्याकडं बोलण्याचे प्रसंग एकापेक्षा जास्त येतात आणि प्रत्येकाचं मन वेगळं असतं. स्मशानात अग्नी दिल्यावर चार माणसं बोलतात. गावाकडं तर सरपंचापासून संस्थेच्या चेअरमनपर्यंत सगळे बोलतात. तिथं हसू आणायचा प्रयत्न करू नये. मुलगा अजून ओल्या अंगानं उभा असतो आणि गोष्ट ऐकायला लागणारं मन कुणाकडंच नसतं. तिथं दोन-तीन वाक्यं, नाव, नातं आणि आदर, एवढंच पुरे.

दहाव्याला नदीकाठी प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. इथं लोक थोडे सावरलेले असतात, पण सगळ्यांचं अर्धं लक्ष पिंडाकडं असतं. कावळा शिवायला वेळ लागला की कुणीतरी हळूच म्हणतं, “चहा ठेवा, चहाशिवाय यायचे नाहीत.” खरोखरच कपात चहा, पानात तंबाखू ठेवली जाते आणि माणसं मंद हसतातही. ते हसू त्या घोळक्यापुरतं ठीक. ते माइकवर नेऊ नये, कारण कावळा उशिरा शिवला तर घरातल्या बाईच्या मनात ‘यांची काय इच्छा राहिली असेल’ हेच घोळत असतं, आणि तुमचं वाक्य नेमकं तिथं जाऊन लागतं.

तेरावा, गोडाचं जेवण, शहरातल्या हॉलमधली शोकसभा, बौद्ध कुटुंबांतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम: हलक्या आठवणीला खरी जागा इथं आहे. सूतक फिटलेलं असतं किंवा विधी उरकलेला असतो, लांबचे लोक आलेले असतात, आणि घरच्यांनाही आता त्यांच्याबद्दल ऐकायचं असतं. वर्षश्राद्धाला तर आणखी मोकळीक मिळते. एखादी आठवण तेराव्याला सांगावी की नाही असा मनात जरा जरी किंतु आला, तर ती वर्षश्राद्धासाठी ठेवून द्यावी. वर्षभरात ती शिळी होत नाही.

काही मरणं अशी असतात की तिथं कुठलाच दिवस पुरत नाही. अपघात, आत्महत्या, लहान मुलं मागं ठेवून गेलेला माणूस. अशा वेळी भाषणात हशा येईल असं काही नकोच. फार तर ओठांच्या कोपऱ्यात हसू येईल असं एखादं त्यांचं वाक्य. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. गेलेल्या माणसाची आई किंवा वडील हयात असतील, तर वय ६० असो की ७०, समोर बसलेल्या त्या म्हातारीच्या दृष्टीनं तिचं लेकरू गेलेलं असतं. तिथं मोजमाप तिच्या दुःखाचं, त्यांच्या वयाचं नाही.

विशेषण सोडा, कृती धरा

आता आठवणी गोळा करायच्या. कागदावर दहा-बारा प्रसंग लिहून काढा, चांगले-वाईट न ठरवता. मग एकेक तपासा. मी हे करत होते तेव्हा माझ्या यादीत पहिलं वाक्य होतं, ‘मामा पैशाला फार चिकट होते.’ हे खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. पण हे माइकवर बोललं असतं तर मामीला तो आरोप वाटला असता, आणि जावयाला वाटलं असतं की आपण घरात जे बोललो ते बाहेर गेलं.

त्याच स्वभावाची कृती काय होती? कंडक्टरकडं सुट्टे नसले की तो तिकिटाच्या पाठीमागं बाकी पैसे लिहून देतो. मामा घरीही तसंच करायचे. मी आठ वर्षांची असताना यात्रेत त्यांनी माझ्याच दहाच्या नोटेतून मला कुल्फी घेऊन दिली. परत द्यायला तीन रुपये सुट्टे नव्हते. त्यांनी खिशातलं जुनं तिकीट काढलं, पाठीमागं ‘येणे ३ रु.’ असं लिहिलं, खाली सही केली आणि माझ्या हातात दिलं. या गोष्टीत ‘चिकट’ हा शब्द कुठंच नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं आणि त्याच वेळी माणूस पैशाला किती चोख होता हेही कळतं. विशेषण न्याय करतं आणि त्या न्यायाची घरच्यांना लाज वाटते. कृती फक्त माणूस उभा करते. एखाद्या आठवणीतून विशेषण काढून टाकल्यावर गोष्टच उरत नसेल, तर ती आठवण नव्हती, ते तुमचं मत होतं. ती यादीतून काढा.

या चाळणीतून बरंच गळतं, आणि गळू द्यावं. पिणं, वजन, टक्कल, घोरणं, बायकोला घाबरणं हे विषय लग्नाच्या पंगतीत चालतात, इथं नाहीत. बायकोला घाबरण्याचा विनोद तर अजिबात नको. तो मामांवर वाटला तरी लागतो मामीला, आणि तिला उत्तर द्यायची सोय नसते. दवाखान्यातले शेवटचे दिवस हाही विषय वर्ज्य. मामा अतिदक्षता विभागातल्या नर्सला “पुढच्या स्टॉपला उतरवा मला” म्हणाले होते. आम्ही तेव्हा हसलो होतो. पण मामीला त्या वाक्यासोबत ते पलंग, त्या नळ्या, ती रात्र आठवणार होती. हसू ज्या खोलीत घडलं ती खोलीही सोबत येते, हे लक्षात ठेवून निवड करावी.

नक्कल करायचा मोह होतो. आवाज, हेल, खाकरणं हुबेहूब काढता येत असेल तरीही करू नका. त्यांचं वाक्य तुमच्या आवाजात म्हणा. ऐकणाऱ्यांच्या कानात त्यांचा खरा आवाज आपोआप येतो, आणि तुमच्या नकलेनं तो झाकून जातो.

मामीला विचारायचं कसं

हा टप्पा कुणी वगळू नये, आणि बहुतेक जण तो चुकीच्या पद्धतीनं करतात. “मी भाषणात थोडं हलकंफुलकं बोलले तर चालेल का?” असं विचारलं, तर दुःखातलं माणूस म्हणणार, “बोल गं तुला काय बोलायचं ते.” ही परवानगी नव्हे. तिनं काही ऐकलेलंच नसतं, तर ती कशाला हो म्हणणार?

परवानगी मागू नका, आठवण सांगा. अकराव्या दिवशी संध्याकाळी मामी भाजी निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि नुसतं म्हटलं, “मामी, मला ते यात्रेतलं तिकीट आठवलं. येणे तीन रुपये.” ती थांबली. मग म्हणाली, “आणि लग्नात दिले की तुझे. पुडी मीच बांधली होती. मला म्हणाले, कागद नको, तिकिटात बांध.”

मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या लग्नात मामांनी आहेराच्या पाकिटासोबत तिकिटाची एक छोटी पुडी दिली होती आणि त्यात तीन नाणी होती, एवढंच मला माहीत होतं. पुडी कुणी बांधली, कशात बांधायला सांगितली, हे मामीकडून आलं. खूण हीच आहे. घरचं माणूस तुमच्या आठवणीत स्वतःची भर घालायला लागलं, की ती आठवण सांगायला मोकळी झाली. माणूस नुसतं “हं” म्हणालं, विषय बदलला, किंवा “असू दे आता” म्हणालं, तर ती आठवण तिथंच ठेवा. कारण विचारू नका आणि समजावूही नका.

ही चाचणी तिघांवर करावी: जोडीदार, मुलं, आणि हयात असतील तर भावंडांतलं सगळ्यात मोठं. मामांची मुलगी लांब राहते म्हणून तिला फोनवर तसंच सहज सांगितलं. माझ्या थोरल्या मावशीला दुसरा प्रसंग ऐकवला, लग्नात मामा मला मांडवात घेऊन येतानाचा. त्यात मी थोडी भर घातली होती. मामांचा आवाज ऐकून एका पाहुण्यानं सवयीनं खिशातून सुट्टे पैसे काढले, असं मी रचलं होतं. मावशी लगेच म्हणाली, “असं काही झालं नव्हतं.” ती रागावली नव्हती, पण तिचा चेहरा मिटला. तेराव्याला समोर त्या प्रसंगाचे पन्नास साक्षीदार बसलेले असतात. त्यांच्यातल्या एकाला जरी ‘हे रचलेलं आहे’ असं वाटलं, तरी बाकी सगळं भाषणही त्याला रचलेलं वाटू लागतं. मी ते वाक्य काढलं. गोष्ट त्याशिवायही उभी राहिली.

एखादी आठवण अशी असते की तिच्यात तिसराच माणूस सापडतो: भांडलेला भाऊ, वाटणी, मोडलेलं लग्न. प्रसंग कितीही गमतीचा असो, ती बाजूला ठेवा. त्या दिवशी ते दोघे एका मांडवात बसलेत हीच मोठी गोष्ट असते.

गोष्ट कशी मांडायची

चार-पाच मिनिटांचं भाषण पुरे. माझं भाषण साडेचारशे शब्दांच्या आसपास होतं आणि थांबत-थांबत बोलून त्याला पाच मिनिटं लागली. एवढ्यात हसू येईल अशा जागा दोनच ठेवा, एक लहान आणि एक मोठी. तिसरी घातली की लोक चौथीची वाट बघू लागतात आणि भाषणाचा कार्यक्रम होतो.

पहिल्या मिनिटात हसू नको. आधी लोकांना कळू द्या की तुम्ही कोण, तुमचं त्यांचं नातं काय आणि तुम्हालाही ते गेल्याचं दुःख आहे. हे कळल्यावरच पुढचं हसू त्यांना परवडतं. सुरुवातीलाच गंमत सांगितली तर बोलणारा उपरा वाटतो, मग तो सख्खा भाचा का असेना.

गोष्टीत शब्दांचा क्रम महत्त्वाचा. ज्या गोष्टीनं हसू येतं ती वाक्याच्या अगदी शेवटी यायला हवी, आणि तिच्यानंतर त्या परिच्छेदात काही नको. माझ्या पहिल्या मसुद्यात असं होतं: “लग्नात मामांनी मला ते तीन रुपये परत दिले, बावीस वर्षांनी, आहेराच्या पाकिटासोबत एका पुडीत, आणि आम्ही सगळे खूप हसलो.” इथं तीन रुपये आधीच येऊन गेले, मागं नुसती माहिती राहिली, आणि ‘आम्ही खूप हसलो’ म्हणून मी ऐकणाऱ्यांना हसायचा हुकूम सोडला. भाषणात मी ते असं बोलले:

“मी आठ वर्षांची असताना यात्रेत मामांनी मला कुल्फी घेतली. नोट माझी होती, दहाची. सात रुपये झाले. मामांकडं सुट्टे नव्हते. त्यांनी खिशातून जुनं तिकीट काढलं, मागं लिहिलं, ‘येणे तीन रुपये’, आणि सही करून माझ्या हातात दिलं. मी ते तिकीट कंपासपेटीत ठेवलं. पुढं कधीतरी हरवलं. मी विसरूनही गेले. बावीस वर्षांनी माझं लग्न झालं. मामांचा आहेर आला, पाचशे एक रुपये. पाकिटाबरोबर एक छोटी पुडी होती, एसटीच्या तिकिटात बांधलेली. ती मामीनं बांधली होती. उघडली. आत तीन नाणी.”

इथं मी थांबले. ‘मामीनं बांधली होती’ हे वाक्य मुद्दाम घातलं होतं. त्यामुळं मामी त्या गोष्टीची ऐकणारी न राहता गोष्टीतलीच एक झाली. जिथं शक्य असेल तिथं मागं राहिलेल्या माणसाला आठवणीत असं एखादं काम द्यावं, आणि ते मानाचं असावं.

हसल्यानंतरचं वाक्य आधीच लिहून ठेवावं लागतं. ते जागेवर सुचत नाही. हसू ओसरायला लागलं की खालच्या पट्टीत, साधं, त्याच गोष्टीतून निघणारं एक वाक्य. माझं होतं: “आठ वर्षांच्या पोरीचं देणंसुद्धा देणंच असतं, असं मानणारा माणूस आमच्या घरात होता.” हसू आणि हे वाक्य यांच्यामध्ये दुसरी कुठलीही माहिती घालू नका. हसताना लोकांचं मन सैल झालेलं असतं, तेवढ्यात ते वाक्य पोचलं पाहिजे.

लहान हसू मी त्याआधी ठेवलं होतं. भटजींनी पुकारा केला, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.’ मांडवाच्या दारात ही गर्दी. मामांनी माझा हात धरला आणि खड्या आवाजात म्हणाले, “दारात थांबू नका, पुढं सरका, मागं जागा रिकामी आहे.” आणि अख्खा मांडव सरकला. एवढंच. याच्यापुढं मी जोडलं की बोहल्यापर्यंत त्यांचा हात थरथरत होता. वाट मोकळी करणारा आवाज खडा होता आणि हात थरथरत होता, हे दोन्ही एकत्र आल्यावर मामी पहिल्यांदा रडली आणि रडतारडता हसली.

धंद्यातली उपमा मरणाला लावू नका

हे वेगळं सांगावं लागतं, कारण माझ्याही हातून जवळजवळ झालं होतं. एसटीत कंडक्टरनं एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. मी शेवट लिहिला होता, ‘मामांची डबल बेल झाली आणि त्यांची गाडी निघाली.’ मला ते सुंदर वाटलं होतं. भावाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “हे त्यांच्या डेपोतला कुणीतरी आधीच म्हणेल.” आणि खरंच, तेराव्याला त्यांचे एक जुने सहकारी उठले आणि अगदी तसंच म्हणाले. त्यांच्या तोंडी ते शोभलं, कारण ३१ वर्षं त्यांनी ती बेल ऐकली होती. माझ्या तोंडी ती शब्दांची करामत झाली असती.

शिक्षक गेले की ‘शाळा सुटली’, क्रिकेटवाले गेले की ‘विकेट पडली’, शिंप्याची ‘शेवटची टीप’. हे सुचतं लगेच, आणि म्हणूनच ते टाकून द्यावं. त्यांच्या कामाबद्दल गमतीनं बोला, त्यांच्या जाण्याबद्दल नको. हसू त्यांच्या जगण्यातल्या गोष्टींवर येऊ द्या. मरणाचा उल्लेख येईल तिथं साधं ‘मामा गेले’ म्हणा. हे दोन शब्द पुरतात.

उभं राहिल्यावर

मोबाइलवरून वाचू नका. कागद घ्या, अक्षर मोठं लिहा, आणि हसूच्या जागेपुढं एक रेघ मारा, म्हणजे थांबायची आठवण राहील. मधला एक परिच्छेद चौकटीत टाका. सूत्रसंचालक ‘दोन मिनिटांत आटपा’ म्हणाला, किंवा तुमचं बोलणं चालू असताना आमदार आले आणि त्यांच्या स्वागतात तीन मिनिटं गेली, तर तो चौकटीतला परिच्छेद सोडून पुढं जायचं. चौकटीत कधीही मोठ्या गोष्टीनंतरचं गंभीर वाक्य टाकू नये. लहान हसू सोडलं तरी चालतं. गोष्ट अर्धी झालेली असताना नेता आला, तर ती पुन्हा पहिल्यापासून सांगू नका. थेट शेवटच्या साध्या वाक्यावर या.

गंमत सांगताना मामीकडं बघू नका. सगळे तुमच्या नजरेमागं तिच्याकडं बघतात आणि तिनं हसावं की रडावं याचं तिच्यावर ओझं येतं. मधल्या ओळीतल्या एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडं बघा. गंभीर वाक्य बोलताना मात्र तिच्याकडं बघा. तेव्हा ती नजर आधार देते.

आपल्याकडं तेराव्याला लोक मोठ्यानं हसत नाहीत. मान खाली जाते, बायका पदर तोंडाला लावतात, पुरुष नाकातून श्वास सोडतात. हेच ते हसू. आवाज आला नाही म्हणून गोष्ट फसली असं समजून दुसरी गंमत जोडू नका. आणि खरंच कुणीच हसलं नाही, तरी काही बिघडत नाही, जर गोष्ट नुसती आठवण म्हणूनही खरी असेल. निवडतानाच हे पारखून बघावं: एकही माणूस हसला नाही तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहते का? तीन रुपयांची राहते. नर्सवाली राहत नाही.

गोष्टीच्या मध्ये कुणाला हुंदका फुटला, तर थांबा. माफी मागू नका, “गंमत म्हणून सांगत होते” असा खुलासाही नको. दोन श्वास थांबून साध्या वाक्यावर जा. तुमचाच आवाज बसला तर कागद खाली धरा, पाणी प्या, लोक थांबतात. तुमच्या आधी बोलणाऱ्यानं आचरट काही बोलून मांडव अवघडवला असेल, तर तुमचं लहान हसू सोडून द्या आणि पहिला साधा भाग जरा सावकाश बोला. बसलेला ताण उतरायला तेवढा वेळ लागतो.

सगळ्यात शेवटची अडचण शेवटाचीच. सभा बहुतेक दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून संपते, आणि तुम्ही शेवटचे बोलणारे असाल तर तुमच्यानंतर थेट तेच असतं. हसलेल्या माणसांना पुढच्याच क्षणी स्तब्ध उभं करणं फार अवघड. कुणीतरी मागं फिसकतं आणि मग घरच्यांना वाईट वाटतं. म्हणून शेवटचं हसू आणि भाषणाचा शेवट यांच्यात पूर्ण एक मिनिट ठेवा. त्या मिनिटात मी मामांची नातवंडं, त्यांनी शिकवलेले दोन पुतणे आणि डेपोतले आलेले लोक यांची नावं घेतली. आवाज आपोआप खाली आला.

हल्ली कुणीतरी भाषण मोबाइलवर टिपतं, परदेशातल्या नातेवाइकांना पाठवतं. त्यातला हसण्याचा तीस सेकंदांचा तुकडाच पुढं फिरतो. घरच्यातल्या एकाला आधीच सांगून ठेवा की पाठवायचं तर अख्खं पाठवा. मामांची मुलगी पुण्याहून आली होती, पण जावई येऊ शकले नव्हते. त्यांना आम्ही पूर्ण पाच मिनिटं पाठवली.

भाषण झालं की लगेच उठून जाऊ नका. मी चहाच्या बाकड्याजवळ उभी राहिले तर एकेक जण येऊन आपली आठवण सांगू लागला. पाटणच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की मामांनी त्यांना एकदा ‘येणे १ रु.’ लिहून दिलं होतं आणि पुढच्या बाजारच्या दिवशी गाडी थांबवून दिला होता. मी भाषणाच्या कागदाच्या पाठीमागं ते लिहून घेतलं, तारीख घातली आणि कागद मामीकडं दिला. तिनं तो कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला आहे. वर्षश्राद्धाला मावशी बोलणार आहे, तेव्हा तो काढायचा असं ठरलंय.